टाकी पुरेशी, हवा अपुरी: २२० फ्लॅटच्या सोसायटीच्या एसटीपीचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेला २२० फ्लॅटची एक सोसायटी आहे. तळघरात रोज १३५ घनमीटर क्षमतेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सगळे म्हणतात तसं एसटीपी. तिथून शुद्ध होऊन आलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरलं जातं. सहा वर्षं कशीबशी गेली, मग तक्रारी वाढल्या. फ्लशच्या पाण्याला कुबट वास यायचा, कमोडमध्ये पिवळसर थर धरायचा. तपासणी अहवालात बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं त्या घाणीचं माप, ३१ मिलिग्रॅम प्रति लिटर आला. सोसायटीला प्रदूषण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात मर्यादा १० ची होती.

देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराचं म्हणणं सरळ होतं: हवा सोडून जिवाणू पोसायची एअरेशन टाकी लहान पडते आहे, शेजारच्या पार्किंगच्या दोन जागा घेऊन आणखी ४० घनमीटरची टाकी बांधा. कमिटीला ते पटत नव्हतं, आणि त्यामागचं कारणही चुकीचं नव्हतं. मीटरप्रमाणे दिवसाला १०५ घनमीटरच सांडपाणी येत होतं. १३५ साठी बांधलेली टाकी १०५ ला कमी कशी पडेल? सेक्रेटरी बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला हाच प्रश्न विचारला आणि म्हणाल्या, "अहो, आकडा तर समोर आहे."

आकडा समोर होता, पण तो पाण्याचा होता. टाकीतल्या जिवाणूंना पाणी मोजता येत नाही, त्यांना अन्न मोजता येतं. म्हणून आधी ते मोजलं.

टाकीचा हिशेब

इक्वलायझेशन टाकीतून, म्हणजे जिथे सगळं सांडपाणी आधी साठतं तिथून, एका दिवसात दर दोन तासांनी थोडं थोडं पाणी काढून एकत्र नमुना केला. बीओडी ३२० आला. मूळ आराखड्यात २५० धरला होता. आता गुणाकार करा. आराखड्यात १३५ घनमीटर गुणिले २५० म्हणजे रोज साधारण ३३.७ किलो बीओडी. प्रत्यक्षात १०५ गुणिले ३२० म्हणजे ३३.६ किलो. पाणी २२ टक्के कमी, अन्न मात्र तेवढंच. सोसायटीने दोन वर्षांपूर्वी सगळ्या नळांना पाणी वाचवणारे एरेटर बसवले होते, टँकरही कमी केले होते. माणसं तेवढीच, ताटातलं आणि शौचातलं तेवढंच, फक्त ते धुऊन नेणारं पाणी आटलं. पाणी वाचवणाऱ्या प्रत्येक सोसायटीत हे होतं. क्षमता घनमीटरमध्ये लिहायची आपली सवय असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे टाकी पूर्ण भाराने चालत होती. पण पूर्ण भार म्हणजे लहान पडणं नव्हे. अशा छोट्या केंद्रांमध्ये जिवाणूंना कमी अन्नावर जास्त वेळ ठेवायची पद्धत वापरतात. टाकीत जेवढा जिवंत गाळ, म्हणजे जिवाणूंचा साठा, आहे, त्याच्या एका किलोला रोज साधारण ०.१० ते ०.१८ किलो बीओडी मिळावा, असा तो हिशेब असतो. इथली टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, पाण्याची खोली ४ मीटर, म्हणजे ८० घनमीटर. लिटरमागे ३५०० मिलिग्रॅम गाळ ठेवला तर टाकीत २८० किलो गाळ होतो. ३३.६ ला २८० ने भागलं की ०.१२ येतात. अगदी हवं तसं.

सांडपाण्यातल्या अमोनियासाठीही टाकी पुरते का, हे तपासायला हवं होतं. कारण अमोनिया खाणारे जिवाणू फार हळू वाढतात. गाळ टाकीत पुरेसे दिवस राहिला नाही तर ते वाढायच्या आतच वाहून जातात. इथे रोज साधारण १६-१७ किलो नवा गाळ तयार होतो. तेवढा रोज काढला, तर २८० किलोचा साठा सरासरी १७ दिवस टाकीत राहतो. आपल्याकडच्या २५ अंशांच्या वरच्या पाण्यात या जिवाणूंना त्याच्या निम्म्याहून कमी दिवस पुरतात. सोसायटी पूर्ण भरली, आज जे ८२० राहतात तिथे ११०० माणसं आली, तरी किलोमागचा ०.१२ चा आकडा ०.१६ पर्यंतच जातो. म्हणजे पार्किंगच्या जागा मोडायची गरज नव्हती. हे लिहून दिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

ऑक्सिजन मीटर घेऊन एक रात्र

टाकीच्या मापाचा आणि हवेचा प्रश्न एकच समजला जातो, तिथेच घोळ होतो. टाकीचं माप ठरतं ते किती गाळ, किती दिवस ठेवायचा यावरून. हवा ठरते ती त्या गाळाला दर तासाला किती ऑक्सिजन लागतो यावरून. मोठी टाकी बांधली म्हणून ऑक्सिजन वाढत नाही. जुना ब्लोअर आणखी पसरलेल्या पाण्यात तेवढीच हवा सोडतो.

मी रात्री एकला मीटर घेऊन बसलो. तीन वाजता, आत येणारं पाणी बंद असताना, टाकीत विरघळलेला ऑक्सिजन फक्त ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर होता. सकाळी आठला ०.२. दुपारी चारला ०.६. चांगल्या चाललेल्या टाकीत तो दीड ते दोन असायला हवा. त्यात सकाळचा आकडा मला अपेक्षितच होता. चक्रावलो ते रात्रीच्या आकड्याने. रात्री जिवाणूंना खायला फारसं काही नसतं, तेव्हा तरी ऑक्सिजन वर यायला हवा.

मग टाकीतलं एक लिटर पाणी बाटलीत घेतलं, छोट्या एअर पंपाने त्यात हवा मारली, तोंड बंद करून मीटर आत ठेवला आणि ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते पाहिलं. रात्री तीनला दहा मिनिटांत ४.६ वरून २.३ झाला, म्हणजे तासाला साधारण १४ मिलिग्रॅम. सकाळी आठला पाचच मिनिटांत ४.४ वरून १.७, म्हणजे तासाला ३२. टाकीच्या ८० घनमीटरने गुणलं की रात्रीची गरज तासाला १.१ किलो ऑक्सिजन, सकाळची २.६ किलो. या चाचणीला बाटली, घड्याळ आणि मीटर एवढंच लागतं. ब्लोअरच्या नावाच्या पट्टीपेक्षा ती खूप जास्त खरं सांगते.

पट्टीवर लिहिलं होतं तासाला १२५ घनमीटर हवा. ती जात कुठे होती? एकाच ब्लोअरवरून एअरेशन टाकी आणि इक्वलायझेशन टाकी अशा दोन्ही ठिकाणी हवा जात होती. या दुसऱ्या टाकीला हवा लागते ती फक्त ढवळण्यासाठी, गाळ बसून कुजू नये म्हणून. पण हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. एअरेशन टाकीत पाणी कायम ४ मीटर असतं. इक्वलायझेशन टाकी रात्री उपसली गेली की तिथे मीटरभरच पाणी उरतं, आणि तिथल्या मोठ्या भोकांच्या पाइपातून हवा भसाभस निघून जाते. ऑपरेटरला बोलावून म्हटलं, "तो व्हॉल्व्ह अर्धा तास बंद कर." तो घाबरला. "साहेब, खालचा गाळ बसेल." अर्ध्या तासाने काही बिघडत नाही, असं सांगितल्यावर त्याने बंद केला. अर्ध्या तासात एअरेशन टाकीतला ऑक्सिजन ०.५ वरून अडीचच्या पुढे गेला.

हेडरवरचा, म्हणजे ब्लोअरच्या मुख्य हवेच्या पाइपवरचा प्रेशर गेज ०.५२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवत होता. पाण्याच्या खोलीमुळे पावणेचार मीटरवर ०.३७-०.३८ येणारच, तळाशी हवेचे बारीक बुडबुडे करणारे डिफ्युझर नवीन असताना त्यांचा आणि पाइपाचा अडथळा धरून ०.४२ पर्यंत ठीक. त्यावरचा सगळा दाब सहा वर्षांत बदललेच नाहीत अशा डिफ्युझरच्या रबरी पडद्यांवर साचलेल्या थराचा होता. सेफ्टी व्हॉल्व्ह ०.५ ला लावलेला, त्यामुळे तो सतत फुसफुसत होता. ऑपरेटरच्या मते तो आवाज पहिल्यापासूनचा होता. मला तसं वाटत नाही, पण कानाला एकदा सवय झाली की ते कुणी सांगू शकत नाही.

आराखड्यात काय सुटलं होतं

मूळ गणिताचा कागद सुदैवाने सोसायटीच्या फायलीत होता. त्यात दोन गोष्टी होत्या ज्यांनी हवा निम्म्याहून खाली आणली.

पहिली म्हणजे अमोनिया. आराखड्यात फक्त बीओडी धरला होता: बाहेर जाणारे १० वगळून टाकीत संपणाऱ्या एक किलो बीओडीला १.२ किलो ऑक्सिजन, म्हणून दिवसाला ३९ किलो, तासाला १.६ किलो. बीओडीपुरतं हे बरोबर आहे. पण सांडपाण्यात लघवीतून आलेला नायट्रोजनही असतो. इथे तो एकूण ६० मिलिग्रॅम प्रति लिटर होता. त्यातला १२ च्या आसपास नव्या गाळात जातो. उरलेले ४८, म्हणजे दिवसाला ५ किलो, अमोनिया होऊन नायट्रेटमध्ये बदलायचे असतात. त्या प्रत्येक किलोला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. हे झाले आणखी २३ किलो. एकूण गरज ३९ नव्हे, ६२ किलो. तासाला सरासरी २.६.

यात एक फसवी जागा आहे आणि मी स्वतः पूर्वी एकदा तिथे फसलो आहे. मी बाटलीत मोजलेली सकाळची २.६ किलोची गरज ही अमोनियाशिवायची होती. आत येणाऱ्या पाण्यात अमोनियाकल नायट्रोजन ४४ आणि बाहेर जाणाऱ्यात ४१. म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू टाकीत जवळजवळ नव्हतेच. ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात आधी तेच माघार घेतात. आजारी टाकीची भूक मोजून ब्लोअर घेतला, तर टाकी बरी होऊ लागते, हे जिवाणू परत येतात, भूक वाढते आणि नवा ब्लोअरही कमी पडतो. म्हणून बाटलीची चाचणी दोष शोधायला वापरावी आणि ब्लोअरचं माप किलोच्या हिशेबाने काढावं.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेतला किती ऑक्सिजन खरंच पाण्यात उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथल्या एक घनमीटर हवेत सुमारे २५५ ग्रॅम ऑक्सिजन असतो. डिफ्युझरच्या पत्रकात स्वच्छ पाण्यात, या खोलीवर, २० टक्के विरघळतो असं लिहिलेलं असतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या वर. आराखडा करणाऱ्याने थोडी सूट धरून ३५ ग्रॅम घेतले होते. प्रत्यक्षात सांडपाण्यातला साबण आणि तेलकटपणा बुडबुड्याच्या कडेला चिकटतो आणि ऑक्सिजन उतरायची गती निम्म्यावर आणतो. शिवाय पाण्यात २ मिलिग्रॅम ऑक्सिजन कायम ठेवायचा असेल तर आणखी ऑक्सिजन ओढून घेण्याची पाण्याची ताकद तेवढीच घटते. हे सगळं धरून नव्या डिफ्युझरला घनमीटरमागे २० ग्रॅम, वर्ष-दोन वर्ष वापरलेल्याला १७ ग्रॅम असा माझा आकडा येतो. पत्रकातल्या ५० चे वास्तवात १७ होतात, हे कमिटीला पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

या १७ ग्रॅमने भागलं की सरासरीलाच १५० घनमीटर हवा लागते, तीही एकट्या एअरेशन टाकीला. तिथे जात होती ६०-६५.

गरज सकाळी का उसळत होती, त्याचं कारण इक्वलायझेशन टाकीतून एअरेशन टाकीत पाणी नेणाऱ्या फीड पंपात होतं. तो तासाला १० घनमीटरने पाणी ढकलायचा आणि दहा-साडेदहा तासांत दिवसाचं सगळं पाणी संपवायचा. इक्वलायझेशन टाकी ४५ घनमीटरची आहे. सकाळचा लोंढा साठवून तो दिवसभर सावकाश सोडण्यासाठीच ती बांधलेली असते. पंप मोठा असल्यामुळे ती नुसतीच वाटेतली टाकी झाली होती.

दुरुस्ती

पहिल्याच दिवशी फीड पंपाच्या पाइपवर परतीची वाट काढून प्रवाह तासाला ५ घनमीटरवर आणला, म्हणजे पंप जवळजवळ २१ तास चालू. याला हजारभर रुपयांचे पाइप आणि एक व्हॉल्व्ह लागला, आणि सकाळची उसळी सरासरीच्या सव्वापटीपर्यंत खाली आली. २.६ ची सव्वापट म्हणजे ३.२ किलो. घनमीटरमागे १७ ग्रॅमने त्याला १९० घनमीटर हवा.

इक्वलायझेशन टाकीला ५५ घनमीटरचा वेगळा छोटा ब्लोअर दिला. एअरेशनसाठी २२० घनमीटरचे दोन, एक चालू आणि एक राखीव, वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीसह. आज डिफ्युझर नवे, घनमीटरमागे २० ग्रॅम देणारे आहेत, म्हणून १६५ वर चालवले तरी पुरतात, सोसायटी भरली की वाढवता येतात. जुन्या दहा नळी डिफ्युझरच्या जागी एक मीटर लांबीचे २४ बसवले, तेही टाकी रिकामी न करता वर ओढून काढता येतील अशा चौकटींवर. जुन्या व्यवस्थेत डिफ्युझर बदलायचे तर टाकी उपसावी लागायची, म्हणून सहा वर्षांत ते कुणी बदलले नाहीत. विजेचा खर्च दिवसाला ४०-५० युनिटांनी वाढेल, हे आधीच लेखी सांगून ठेवलं.

गाळही कमी करावा लागला. गाळ दाबायचा फिल्टर प्रेस महिनोन् महिने बंद होता, त्यामुळे टाकीत लिटरमागे ५२०० मिलिग्रॅम गाळ साचला होता. जास्त गाळ म्हणजे जास्त श्वास, आणि घट्ट पाण्यात ऑक्सिजनही कमी उतरतो. प्रेस दुरुस्त करून तीन आठवड्यांत तो हळूहळू ३५०० वर आणला. एकदम काढला असता तर जे थोडे अमोनियाचे जिवाणू उरले होते तेही गेले असते.

नवे ब्लोअर १६५ वर चालू झाले आणि पहिल्या आठवड्यात सकाळी आठचा ऑक्सिजन ४.४ दाखवू लागला. सेक्रेटरी बाईंचा लगेच फोन. "इतका ऑक्सिजन कशाला? वेग कमी करा ना, बिल वाढतंय." त्यांचं बरोबर होतं, ४.४ ची गरज कधीच नसते. पण मी महिनाभर हात लावू दिला नाही. दुसऱ्या आठवड्यात बीओडी ९ वर आला, अमोनिया मात्र ३९. तिसऱ्या आठवड्यात तो २२ झाला, पाचव्यात ३ च्या खाली. आणि त्याच पाचव्या आठवड्यात, ब्लोअरचा वेग तोच असताना, सकाळचा ऑक्सिजन २.१ वर उतरला. मधला २.३ चा फरक अमोनिया खाणाऱ्यांनी घेतला होता. पहिल्या आठवड्यात वेग कमी केला असता तर ते आलेच नसते.

त्यांच्याबरोबर दोन नवे त्रासही आले. एक किलो अमोनिया बदलताना पाण्यातली, पीएच सांभाळणारी क्षारता सात किलोहून जास्त खर्च होते. इथे लिटरमागे ३४० मिलिग्रॅमची गरज आणि आत येणाऱ्या पाण्यात होती ३८०. पीएच ७.४ वरून ६.८ वर घसरला. दुसरीकडे, एअरेशननंतर गाळ खाली बसतो त्या सेटलिंग टाकीत दुपारी गाळाचे तपकिरी गोळे बुडबुड्यांसकट वर येऊन तरंगायला लागले. ऑपरेटरला वाटलं टाकी पुन्हा बिघडली. पण वास कुबट नव्हता, ओल्या मातीसारखा होता. सेटलिंगच्या तळाशी गाळ फार वेळ पडून राहत होता, आणि तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन वायू सोडत होते. गाळ परत नेणारा पंप दिवसभर चालू ठेवला. शिवाय रात्री एक आणि चार वाजता एअरेशनचा ब्लोअर ४० मिनिटं बंद राहील असा टाइमर लावला. त्या वेळात हेच काम एअरेशन टाकीत होतं, आणि खर्च झालेली निम्मी क्षारता त्यातून परत मिळू शकते. पीएच ७.१ वर थांबला, गोळे दहा दिवसांत गेले.

हेडरचा दाब आता ०.४२ आहे. गेजच्या काचेवर ऑपरेटरने स्वतःच ०.४८ ला लाल रेघ मारली आहे. काटा तिथे पोहोचला की चौकटी वर ओढून पडदे धुवायचे. रोज सकाळी आठला तो वहीत तीन आकडे लिहितो: दाब, ऑक्सिजन आणि अर्ध्या तासात किती गाळ बसला ते.